ताळा वेगळ्या वाटेने घ्या

सहावी-सातवीच्या गणिताच्या वह्या आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना खुले पत्र



५/६ + ३/८ हे एक साधे उदाहरण घेऊ. समजा तीन वह्यांत त्याची तीन उत्तरे आली आहेत: पहिलीत ८/१४, दुसरीत ८/२४ आणि तिसरीत २८/२४. बरोबर उत्तर २९/२४, म्हणजे १ पूर्णांक ५/२४. तिन्ही उत्तरे चूकच, त्यामुळे तिन्ही वह्यांत लाल शाईची सारखीच फुली पडते आणि गुणांच्या रकान्यात तिघांना सारखेच शून्य मिळते. पण या तीन मुलांचे दुखणे एक नाही. पहिल्याने अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला. अपूर्णांक ही एकच संख्या आहे हे त्याला उमगलेले नाही, आडव्या रेघेच्या वर-खाली दोन वेगळ्या संख्या बसल्या आहेत असे त्याला वाटते. दुसऱ्याने सहा आणि आठ यांचा लसावि चोवीस हा अगदी नीट काढला, तो छेदाच्या जागी लिहिला आणि अंश मात्र होते तसेच ठेवले. त्याला छेद समान करायचे हे ठाऊक आहे, पण छेद बदलला की अंशही त्याच पटीत बदलावा लागतो, नाहीतर अपूर्णांकच बदलतो, हे त्याच्या हाती लागलेले नाही. तिसऱ्याला सगळे येते. ३/८ चे रूपांतर करताना त्याने तीन त्रिक आठ लिहिले, एवढाच त्याचा गुन्हा. पहिल्याला धडा पुन्हा हवा, दुसऱ्याला सममूल्य अपूर्णांकांवर पाच मिनिटे हवीत आणि तिसऱ्याला काहीही शिकवण्याची गरज नाही, त्याला फक्त आपली चूक आपणच पकडण्याची युक्ती हवी.

ही युक्ती म्हणजेच ताळा. माझे म्हणणे एवढेच आहे की अपूर्णांक आणि दशांश अपूर्णांकांच्या उदाहरणांचा ताळा ज्या वाटेने उदाहरण सोडवले त्या वाटेने घेऊ नये. तो वेगळ्या वाटेने घ्यावा, मुलांनीही आणि तपासणाऱ्यांनीही. आणि ही गोष्ट उपदेशाने होत नसल्यामुळे प्रश्नपत्रिकेत तिच्यासाठी जागा आणि गुण ठेवावेत.

‘पुन्हा एकदा तपासून बघ’ हे वर्गातले नेहमीचे वाक्य. ते ऐकून मूल काय करते? तेच उदाहरण त्याच रीतीने पुन्हा सोडवते, किंवा वरून खाली नजर फिरवून मान डोलावते. ज्याने आठ-चोवीसांश उत्तर काढले तो दुसऱ्या वेळीही चोवीस लिहील आणि अंश तसेच ठेवील. दोनदा तेच उत्तर आल्यामुळे त्याचा त्या उत्तरावरचा विश्वास मात्र वाढेल. अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर जे काम प्रसिद्ध केले, त्याचा गाभा नेमका हाच होता. मुलांच्या पुष्कळशा चुका बेसावधपणातून झालेल्या नसतात. मुलाजवळ एक ठरलेली, पण बिघडलेली रीत असते आणि ते ती रीत इमानाने पाळत असते. अशी बिघडलेली रीत पुन्हा चालवली तर बिघडलेलेच उत्तर पुन्हा निघणार. शर्टाचे पहिले बटन चुकीच्या काजात गेले असेल तर उरलेली बटने कितीही काळजीपूर्वक लावून उपयोग नसतो, तसेच हे. पूर्ण संख्यांच्या बाबतीत आपण हे जाणतो. वजाबाकीचा ताळा बेरजेने आणि भागाकाराचा गुणाकाराने घ्यायचा, हे चौथीतल्या मुलालाही सांगतो. अपूर्णांकांपाशी आल्यावर मात्र ‘अतिसंक्षिप्त रूप द्या’ ही शेवटची पायरी होते आणि ताळा वहीतून गळून पडतो.

वेगळ्या वाटा दोन आहेत. पहिली आकारमानाची: उत्तर साधारण केवढे यायला हवे? ८/१४ हे उत्तर या एका प्रश्नापुढे टिकत नाही. ५/६ म्हणजे जवळजवळ एक, एक व्हायला फक्त एक षष्ठांश कमी. ८/१४ म्हणजे निम्म्याला किंचित वर. मुळात जेवढे होते त्यात भर घातली आणि हाती आधीपेक्षा कमी आले, असे कधी होईल? ८/२४ म्हणजे तर एक तृतीयांश. ५/६ मध्ये काहीतरी मिळवून एक तृतीयांश उरला, तर ती बेरीज नव्हे. हे पाहायला लसावि लागत नाही, कागदही लागत नाही. तरीही मुले ते पाहत नाहीत, याचा एक प्रसिद्ध पुरावा आहे. १९७८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय शैक्षणिक चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले होते की १२/१३ + ७/८ चे उत्तर साधारण किती येईल, आकडेमोड न करता सांगा. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक एकाच्या अगदी जवळ, तेव्हा बेरीज दोनच्या जवळपास. बरोबर पर्याय निवडणारी मुले होती २४ टक्के. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडले. बारा आणि सात एकोणीस, तेरा आणि आठ एकवीस. ही मुले बेरजेत कच्ची नव्हती, बेरीज त्यांनी अचूकच केली होती. आपण कशाची बेरीज करतो आहोत, हा प्रश्न त्यांच्या मनात उभाच राहिला नाही.

या पहिल्या वाटेसाठी मराठीत एक जुने साधन आयते पडले आहे आणि ते आपण अडगळीत टाकले आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. जुन्या शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. त्या घोकंपट्टीकडे परत जावे असे मी म्हणत नाही. पण हे शब्द अजून घराघरांत जिवंत आहेत आणि अंदाजासाठी त्यांच्याइतके हाताशी काही नाही. ४ पूर्णांक १/५ मधून १ पूर्णांक २/३ वजा करायचे आहेत असे समजा. पहिली संख्या सव्वाचारला किंचित कमी, दुसरी पावणेदोनला किंचित कमी. सव्वाचारातून पावणेदोन गेले, उरले अडीच. म्हणजे उत्तर अडीचच्या आसपास हवे. आता बरोबर रीत पाहू: ४ पूर्णांक ३/१५ मधून १ पूर्णांक १०/१५ वजा करायचे, तीनातून दहा जात नाहीत, म्हणून चारातला एक सुटा केला. त्या एकाचे पंधरा पंधरांश झाले, आधीचे तीन धरून अठरा. तेव्हा ३ पूर्णांक १८/१५ वजा १ पूर्णांक १०/१५, उत्तर २ पूर्णांक ८/१५. अडीचला जेमतेम वर. अंदाज जुळला.

आता याच उदाहरणात दोन चुका वारंवार दिसतात. काही मुले तीनातून दहा जात नाहीत म्हणून दहातून तीन वजा करतात आणि चारातून एक, म्हणजे उत्तर ३ पूर्णांक ७/१५. ते साडेतीनला भिडते, अंदाजापासून पुरते एकाने दूर. ते लगेच पकडले जाते. दुसरी चूक जास्त लबाड आहे. मूल एक सुटा करते, पण पूर्ण संख्यांच्या सवयीने त्याचे दहा करते. तीनाचे तेरा होतात, ३ पूर्णांक १३/१५ वजा १ पूर्णांक १०/१५, उत्तर २ पूर्णांक ३/१५, म्हणजे २ पूर्णांक १/५. हे अडीचपासून फार लांब नाही. घाईत असलेला विद्यार्थी ‘जवळपास आहे’ म्हणून सोडून देईल. इथे दुसरी वाट लागते, उलट क्रियेची. आलेल्या उत्तरात वजा केलेली संख्या पुन्हा मिळवायची. २ पूर्णांक ३/१५ अधिक १ पूर्णांक १०/१५, झाले ३ पूर्णांक १३/१५. यायला हवे होते ४ पूर्णांक ३/१५. आणि पाहा, उलट वाटेने चालताना हे मूल नेमके तिथेच येऊन थांबले जिथे ते घसरले होते. ‘माझ्या ४ पूर्णांक ३/१५ चे ३ पूर्णांक १३/१५ कधी झाले?’ असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला की चूक सापडलीच. एवढे काम कोणत्याही फुलीने होत नाही.

अंदाजाची मर्यादा इथे मोकळेपणाने मान्य केली पाहिजे, नाहीतर अंदाज जुळला म्हणजे उत्तर बरोबर, असा नवाच गैरसमज आपण पेरू. सुरुवातीच्या तिसऱ्या मुलाचे २८/२४ हे उत्तर अंदाजाच्या चाळणीतून सहज निसटते. ते एकाहून थोडे अधिक आहे आणि बरोबर उत्तरही एकाहून थोडे अधिक आहे. पण २८/२४ मधून २०/२४ परत काढले तर ८/२४, म्हणजे एक तृतीयांश उरतो. तो ३/८ इतका आहे का? ३ × ३ = ९, तर १ × ८ = ८; नऊ आणि आठ सारखे नाहीत, म्हणजे अपूर्णांकही सारखे नाहीत. म्हणून क्रम असा: आधी आकारमान, कारण ते फुकट आहे आणि मोठी घसरण तिथेच कळते. मग उलट क्रिया, कारण बारीक घसरण तिच्याशिवाय कळत नाही.

दशांश अपूर्णांकांत हीच गोष्ट स्थानिक किमतीच्या रूपाने येते. १२.५ + ३.७५ घ्या. बरोबर उत्तर १६.२५. काही मुले पूर्ण संख्यांप्रमाणे उजव्या कडेला अंक जुळवून मांडतात. एकशेपंचवीसखाली तीनशेपंचाहत्तर येते, बेरीज पाचशे आणि उत्तर ५.००. काही मुले दशांश चिन्हाला भिंत समजतात. भिंतीच्या डावीकडे बारा आणि तीन पंधरा, उजवीकडे पाच आणि पंचाहत्तर ऐंशी, उत्तर १५.८०. पहिले उत्तर मूळच्या साडेबारांपेक्षाही कमी आहे, त्याला अंदाजानेच अडवता येते. दुसरे मात्र सभ्य चेहऱ्याचे आहे. त्याला अडवते ती पुन्हा आपली बोली: साडेबारा आणि पावणेचार, सव्वासोळा. इथे अंदाजाचीही गरज पडली नाही, नेमकेच उत्तर तोंडी निघाले. ज्या मुलाने १५.८० लिहिले त्याला ५ आणि ७५ यांच्यातले नाते ठाऊक नाही. साडेबारातला पाच हा पाच दशांश आहे, म्हणजे पन्नास शतांश. पंचाहत्तर शतांशांशी त्याची बेरीज एकशेपंचवीस शतांश होते आणि त्यातले शंभर शतांश भिंत ओलांडून एक होऊन पलीकडे जातात. भिंत नाहीच मुळी, ती फक्त एककाचे घर कुठे आहे हे दाखवणारी खूण आहे.

ही भिंत मुलाच्या डोक्यात कुठून आली, याचा दोष सगळा मुलाच्या माथी मारता येत नाही. ३.७५ आपण सर्रास ‘तीन पॉइंट पंचाहत्तर’ असे वाचतो. हे वाचन ऐकणाऱ्याला तीन आणि पंचाहत्तर अशा दोन पूर्ण संख्या देते. ‘तीन पूर्णांक सात पाच’ किंवा ‘तीन पूर्णांक पंचाहत्तर शतांश’ असे वाचले तर हा घोटाळा पुष्कळ कमी होतो. तपासताना मुलाला त्याचे उत्तर मोठ्याने स्थानांसह वाचायला लावणे हा एक ताळाच आहे. बाहेरचे जगही मदतीला येत नाही. दोन किलो पन्नास ग्रॅम म्हणजे २.०५० किलो, पण मूल लिहिते २.५०, कारण रुपये-पैशांत दोन रुपये पन्नास पैसे तसेच लिहितात. रुपयाचे शंभर पैसे आहेत, किलोचे हजार ग्रॅम आहेत, चिन्ह मात्र एकच. साडेतीन वाजले की घड्याळात ३:३० दिसते, म्हणून साडेतीन तास ३.३० असे लिहिले जातात. आणि क्रिकेटच्या धावफलकावरचे १८.३ षटके म्हणजे अठरा षटके तीन चेंडू, षटक सहा चेंडूंचे असल्यामुळे ते खरे तर साडेअठरा षटके. तिथला बिंदू दशांश चिन्ह नाहीच. धावगती काढताना जो १८.३ ने भागतो त्याचे उत्तर चुकते. (हा प्रश्न सातवीच्या वर्गाला द्यायला हरकत नाही, वर्ग जागा होतो.)

गुणाकारात स्थळे मोजण्याचा नियम मुले पक्का पाठ करतात आणि तरी घसरतात. ३.४ × ०.२५ पाहा. चौतीस गुणिले पंचवीस, साडेआठशे. एकूण दशांश स्थळे तीन, म्हणून ०.८५०, म्हणजे ०.८५. पण ‘शेवटचे शून्य काढून टाकायचे’ हेही मुलाला शिकवलेले असते. ते आधी ८५० चे ८५ करते आणि मग तीन स्थळे मोजते: ०.०८५. दोन्ही नियम त्याने पाळले, क्रम तेवढा उलटा. नियमाच्या भाषेत ही चूक त्याला समजावणे कठीण आहे. पण ०.२५ म्हणजे पाव, ३.४ चा पाव हवा आहे, चाराचा पाव एक असतो, तेव्हा उत्तर एकाला जरा कमी हवे, एवढे म्हटले की ०.०८५ आपोआप बाद होते. शिवाय अर्ध्याचा अर्धा करून नेमका ताळाही मिळतो: ३.४ चा अर्धा १.७, त्याचा अर्धा ०.८५. भागाकारात उलट बाजूने पाहावे लागते. ६.१२ ÷ ६ मध्ये सहाने सहाला भागले, एक आला. पुढच्या एकाला सहाने भाग जात नाही, म्हणून शून्य लिहायला हवे, ते राहते आणि बाराला भाग देऊन दोन लिहिले जातात. उत्तर १.२. एकाहून थोडे जास्त, दिसायला ठीक. पण सहा गुणिले १.२ म्हणजे ७.२. ते ६.१२ हून मोठे. रिकाम्या घरातले शून्य न लिहिल्याने दोन शतांश उचलून दशांशांच्या घरात बसले होते, हे गुणाकाराने उघडे पडते.

इथपर्यंत मुलाने काय करावे ते झाले. तपासणाऱ्याने आणि प्रश्न काढणाऱ्याने काय करावे, हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण चुकीची रीत असूनही बरोबर उत्तर येईल अशी उदाहरणे आपण नकळत देत असतो. ४ पूर्णांक १/५ वजा १ पूर्णांक १/२ हे उदाहरण घ्या. समान छेद दहा. सुट्या केलेल्या एकाचे दहा करणारे मूल इथे ३ पूर्णांक १२/१० वजा १ पूर्णांक ५/१० करील आणि २ पूर्णांक ७/१० हे अगदी बरोबर उत्तर लिहील. पैकीच्या पैकी गुण घेऊन त्याची बिघडलेली रीत पुढच्या इयत्तेत जाईल. तसेच ४.३५ + २.४३. दोन्हींत दोन-दोन दशांश स्थळे, हातचाही नाही. उजव्या कडेला जुळवणाराही ६.७८ लिहितो, भिंत मानणाराही ६.७८ लिहितो आणि ज्याला कळले आहे तोही ६.७८ लिहितो. या उदाहरणाने तिघांत फरक केला नाही, म्हणजे त्याने काहीच तपासले नाही. १२.५ + ३.७५ या उदाहरणात मात्र तिघांची तीन वेगळी उत्तरे येतात आणि उत्तर पाहताच कोण कुठे उभा आहे ते कळते.

लहान-मोठेपणा ओळखण्याच्या प्रश्नांत हे आणखी ठळक दिसते. लॉरेन रेस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, इस्राएल आणि फ्रान्समधल्या मुलांवर केलेला एक अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दशांश अपूर्णांकांची तुलना करताना मुले वापरत असलेल्या चुकीच्या नियमांची नीट वर्गवारी आहे. एक गट पूर्ण संख्यांच्या सवयीने लांब संख्या मोठी मानतो: ४.६३ हे ४.८ हून मोठे, कारण त्रेसष्ट आठापेक्षा मोठे. दुसरा गट अपूर्णांक अर्धवट शिकल्यामुळे उलट करतो: शतांश हे दशांशापेक्षा लहान असतात, म्हणून शतांशापर्यंत गेलेली संख्या लहान. आता तुम्ही ४.८ आणि ४.६३ एवढीच जोडी विचारली, तर हा दुसरा गट बरोबर उत्तर देतो आणि त्याचे कारण चुकीचे असते. त्याला २.३ आणि २.३५ विचारा, तो २.३ मोठे म्हणेल. म्हणून जोड्या दोन हव्यात, एक पहिल्या गटाला पकडणारी आणि एक दुसऱ्याला. ०.३५ आणि ०.४१ अशी समान लांबीची जोडी कोणालाच पकडत नाही, तरी असल्या जोड्या स्वाध्यायांत पुष्कळ दिसतात.

यावर तुमचे काही आक्षेप असतील आणि ते पोकळ नाहीत. पहिला वेळेचा. एका वर्गात पन्नास-साठ वह्या, त्यात प्रत्येक उत्तरामागचे कारण शोधत बसायचे तर रात्र पुरणार नाही. खरे आहे. पण त्यावरचा उपाय वर सांगितलेल्या निवडीतच आहे. दहा उदाहरणांऐवजी चारच द्या, पण अशी की चुकीच्या प्रत्येक रीतीचे उत्तर वेगळे पडेल. मग कारण शोधावे लागत नाही, उत्तर वाचले की पुरते. १५.८० दिसले की ‘भिंत’, ५.०० दिसले की ‘कड’, एवढे वहीच्या कोपऱ्यात लिहिले की झाले. पंधरा वह्यांत ‘भिंत’ निघाली तर उद्याचा तास कशावर घ्यायचा तेही ठरले. एका चुकीवरून मात्र निदान करू नये. २८/२४ सारखे उत्तर एकदाच आले तर ती घसरण समजावी. त्याच जातीच्या दोन उदाहरणांत तीच चूक दिसली तरच तिला रीत म्हणावे.

दुसरा आक्षेप, की अंदाजाला गुण दिले तर मुले ‘साधारण’वर समाधान मानतील आणि नेमकेपणा जाईल. हा आक्षेप मला उलटा वाटतो. ज्या मुलाने ०.०८५ लिहिले त्याच्या आकडेमोडीत नेमकेपणा भरपूर होता, अंक एकही चुकला नव्हता. चुकले ते अंकांचे घर, आणि घर चुकले की उत्तर दहापटीने चुकते. औषधाच्या मापात किंवा बिलात दहापटीची चूक झाल्यावर अंक बरोबर होते म्हणून कोणी सोडून देत नाही. अंदाज घराची राखण करतो, आकडेमोड अंकांची. एक दुसऱ्याची जागा घेत नाही. तिसरे म्हणणे असे की नियमांचा सराव पुरेसा झाला तर या चुका होणारच नाहीत. सरावाने तीन त्रिक आठ थांबेल, हे मान्य. पण सुट्या एकाचे दहा करणारे मूल जितका सराव करील तितकी ती रीत घट्ट होईल, कारण छेद दहा असलेली उदाहरणे तिला अधूनमधून शाबासकी देत राहतील. आणि शिष्यवृत्तीसारख्या पर्यायी उत्तरांच्या परीक्षांत रीत दाखवायची नसते, तिथे हे कशाला, असे विचारणाऱ्यांना अमेरिकेतल्या त्या प्रश्नाची आठवण करून देतो. १९ आणि २१ हे पर्याय कोणी सहज म्हणून ठेवले नव्हते. चुकीच्या रीतीची उत्तरे पर्यायांत मुद्दाम मांडलेली असतात आणि त्यांना वगळायला आकारमानाइतके जलद काही नाही.

तेव्हा मागणी अशी. पुढच्या घटक चाचणीत अपूर्णांकाच्या प्रत्येक उदाहरणाला तीन गुण असतील तर त्यातला एक ताळ्यासाठी ठेवा. उत्तराखाली एक ओळ रिकामी सोडा. त्या ओळीत मुलाने ‘अडीचच्या आसपास हवे’ असे आधी लिहिले किंवा उलट क्रिया करून दाखवली, तर तो गुण द्या, उत्तर चुकले तरी द्या. आणि ज्याच्या ताळ्यातून विसंगती दिसली, पण चूक सापडली नाही, त्याने ‘जुळत नाही’ असे लिहिले तरीही द्या, कारण आपले उत्तर चूक आहे हे त्याला कळले आहे आणि २ पूर्णांक १/५ खाली दोन रेघा ओढून पुढे गेलेल्याला ते कळलेले नाही.

याच न्यायाने तपासणाऱ्यानेही एक पथ्य पाळावे. कोणी ५/६ + ३/८ मध्ये लसावि न काढता छेदांचा थेट गुणाकार केला आणि ४०/४८ + १८/४८ = ५८/४८ असे लिहिले, तर त्यावर फुली मारू नका. लसावि काढून छेद समान करण्याची रीत नवव्या शतकात महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त सांगितलेली आहे. ती सोयीची आहे, आकडे लहान राहतात, म्हणून शिकवावी. पण ५८/४८ आणि २९/२४ ही एकच संख्या आहे. संक्षिप्त रूप मागितले असेल तर त्याचा गुण कापा, बेरजेचा कापू नका. आणि ३/४ ÷ २/३ च्या आदर्श उत्तरांत चुकून ८/९ छापले गेले, तर उत्तरसूचीशी ताडून पाहणाऱ्याला ते कळणार नाही. पाऊण हे दोन तृतीयांशांपेक्षा मोठे आहे, म्हणजे भागाकार एकाहून जास्त हवा, असे म्हणणाऱ्यालाच ९/८ लिहिणारे मूल बरोबर आहे हे दिसेल.

कळावे.

आपला,
एक गणितप्रेमी वाचक